पाणलोटातला पाऊस: कोणत्या मापकाच्या वाट्याला किती जमीन?

नाशिककरांचा दर जुलैतला एक ठरलेला प्रश्न असतो. शहरात धड रस्ते ओले झालेले नाहीत आणि तिकडे गंगापूर धरणातून विसर्ग सुरू! गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पोहोचलं याचे फोटो फिरू लागतात आणि पाठोपाठ कुणीतरी लिहितं, ‘पाऊसच नाही तर पाणी आलं कुठून? आकडे लपवतात.’ आकडे कुणी लपवत नाही. पण ‘पाणलोटात सरासरी इतके मिलिमीटर पाऊस’ असं जे छापून येतं, ती सरासरी काढतात कशी हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

अडचण मुळात अशी की पाऊस सगळीकडे पडतो आणि मोजला जातो फार थोड्या ठिकाणी. नेहमीच्या पर्जन्यमापकाचं तोंड असतं जेवणाच्या ताटाहूनही लहान, फक्त २०० चौरस सेंटिमीटरचं. अशा तीन-चार तोंडांनी गिळलेल्या पाण्यावरून शेकडो चौरस किलोमीटरवर किती पाणी पडलं ते ठरवायचं. त्यात आपला भूगोल वाकडा. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि नाशिक शहरात सातशेच्या आसपास. मधलं अंतर जेमतेम पन्नास किलोमीटरचं. गंगापूरचं पाणलोट याच उतारावर, त्र्यंबकच्या डोंगरांपासून शहराच्या पश्चिमेपर्यंत पसरलेलं आहे.

समजा मापकं चार आहेत. त्यांच्या आकड्यांची बेरीज करून चारने भागलं तर? तसं करणं म्हणजे प्रत्येक मापकाला सारखीच जमीन दिल्यासारखं आहे. शहराकडे तीन मापकं एकमेकांजवळ असली आणि डोंगरात एकच असलं, तर शहराचा पाऊस तीनदा मोजला जातो आणि डोंगराचा एकदा. अमेरिकेच्या हवामान खात्यातल्या आल्फ्रेड थिसेन यांनी १९११ साली यावर जो उपाय मांडला, तो इतका साधा आहे की नववीतल्या भूमितीवर भागतो. नकाशावरच्या कुठल्याही बिंदूला विचारायचं, तुला सगळ्यांत जवळचं मापक कोणतं? त्याचा पाऊस तो तुझा पाऊस. हेच विभाजन गणितज्ञ वोरोनॉय यांच्या नावानेही ओळखलं जातं, पण पावसाच्या हिशोबात थिसेन यांचंच नाव रुजलं.

आता यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. ‘जवळचं कोण’ हे प्रत्येक बिंदूला विचारत बसावं लागत नाही. दोन शेजारी मापकं सरळ रेषेने जोडा आणि त्या रेषेचा लंबदुभाजक काढा. लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर असतो, हे प्रमेय आपण परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. म्हणजे ती रेषा दोन मापकांच्या मुलखांची हद्दच झाली. अलीकडे एकाचं राज्य, पलीकडे दुसऱ्याचं. तिसरं मापक आलं की त्रिकोण होतो आणि त्याचे तीनही लंबदुभाजक एकाच बिंदूत मिळतात. तोच त्रिकोणाचा परिकेंद्र. तिथे तीन मुलखांची हद्द एकत्र येते. मात्र एक अट असते: त्या बिंदूभोवती तीनही मापकांतून जाणारं वर्तुळ काढलं, तर त्याच्या आत चौथं मापक असता कामा नये. असलं, तर तो बिंदू त्या चौथ्याला अधिक जवळचा ठरतो आणि आपण चुकीची तीन मापकं जोडलेली असतात. त्रिकोण विशालकोनी असेल तर परिकेंद्र त्रिकोणाबाहेर पडतो. पेन्सिलीने आकृती काढणारा इथे हमखास बिचकतो, पण त्यात चूक काही नसते.

मापकं जवळजवळ एका ओळीत असली तर त्रिकोण चपटे होतात, परिकेंद्र लांब कुठेतरी जातात आणि हद्दी समांतर पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. डोंगरी खोऱ्यात नेमकं हेच होतं. मापक ठेवायचं तिथे सकाळी साडेआठला कुणीतरी जाऊन पाणी मोजणार असतं, म्हणून ती गावात, रस्त्याकडेला, धरणाच्या वसाहतीत असतात. रस्ता खोऱ्याच्या तळातून जातो. मग प्रत्येक मापकाचा पट्टा तळापासून दोन्ही बाजूंच्या डोंगरधारेपर्यंत चढतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचाच त्रास आहे.

एक हिशोब करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण रचना आपल्या बाजूच्या खोऱ्यासारखीच आहे. पाणलोट ३५० चौरस किलोमीटरचं. घाटमाथ्यावर पहिलं मापक, तिथे दिवसाचा पाऊस १८० मिमी. खोऱ्याच्या मध्ये दुसरं, ९० मिमी. धरणाजवळ तिसरं, ३० मिमी. चौथं शहरात, पाणलोटाच्या बाहेर, १० मिमी. बाहेरचं मापक कशाला, असं वाटेल. पण पाणलोटाच्या पूर्वेकडच्या काही जमिनीला तेच सगळ्यांत जवळचं असेल, तर ती जमीन त्याच्याच वाट्याला जाणार. जवळीक पाणलोटाची हद्द पाळत नाही.

लंबदुभाजक काढून पाणलोटाच्या कडेशी छाटले, आणि वाटे असे निघाले: ५०, १०५, १४० आणि ५५ चौरस किलोमीटर. आता प्रत्येक पाऊस त्याच्या क्षेत्राने गुणायचा. ९,०००, ९,४५०, ४,२०० आणि ५५०, एकूण २३,२००. त्याला ३५० ने भागलं की सरासरी ६६.३ मिमी. साधी सरासरी ७७.५ आली असती. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार घनमीटर पाणी. म्हणून थिसेनच्या हिशोबाने पाणलोटावर २ कोटी ३२ लाख घनमीटर पाणी पडलं. आपल्या वर्तमानपत्री भाषेत सुमारे ८१९ दशलक्ष घनफूट. साध्या सरासरीने ते ९५८ झालं असतं. शहरात १० मिमी पडलेल्या दिवशी धरणाच्या डोक्यावर एवढं पाणी कोसळलेलं असतं. विसर्ग कुठून आला, याचं उत्तर यातच आहे.

इथवर पद्धत चोख वाटते. आता तिच्या हद्दीवर उभे राहू, अक्षरशः. पहिल्या आणि दुसऱ्या मापकांमधल्या लंबदुभाजकावरून एक पाऊल पूर्वेला टाकलं की हिशोबातला पाऊस १८० वरून थेट ९० वर येतो. खरा पाऊस असा पायरीने उतरत नाही. घाटमाथा ओलांडला की तो पहिल्या काही किलोमीटरांतच झपाट्याने घटतो आणि पुढे हळूहळू. म्हणजे माथ्यावरचा आकडा जितक्या जमिनीवर पसरवला, तितकी त्याची लायकी नसते. उलट दुसऱ्या मापकाचा पट्टा डोंगरधारेपर्यंत गेलेला आहे. धारेवर तळापेक्षा जास्त पाऊस पडतो, पण तिथे मापक नाही, म्हणून तिलाही तळाचेच ९० मिमी लागतात. एक चूक वर नेणारी, दुसरी खाली. दोन्ही रोज बरोबर एकमेकींना खोडतील याची हमी नाही. लंबदुभाजकाला नकाशावरचं अंतर कळतं. उंची कळत नाही आणि वारा कुठल्या दिशेने येतो तेही कळत नाही.

यावर एक तोडगा आहे. मापकाचा पाऊस थेट न पसरवता तो त्या मापकाच्या वार्षिक सरासरीच्या किती टक्के झाला, ते पसरवायचं. समजा, दुसऱ्या मापकाची वार्षिक सरासरी १,५०० मिमी आहे, तर ९० मिमी म्हणजे ६ टक्के. सारख्या पावसाची ठिकाणं रेषांनी जोडणाऱ्या जुन्या समपर्जन्य नकाशावरून त्याच्या पूर्ण पट्ट्याची, धारांसकट, वार्षिक सरासरी १,८०० निघत असेल, तर पट्ट्याचा पाऊस १,८०० च्या ६ टक्के, म्हणजे १०८ मिमी धरायचा. डोंगराचा प्रभाव थोडा तरी हिशोबात येतो. अर्थात तो नकाशा याच मोजक्या मापकांवरून काढलेला असेल, तर फार काही पदरात पडत नाही.

मे महिन्यातल्या वळवाला हा तोडगाही उपयोगी नाही. चार-पाच किलोमीटर रुंदीचा ढग एखाद्या मापकावर फुटला तर तो शंभर चौरस किलोमीटरवर पडला असं गणित सांगतं. तोच ढग दोन मापकांच्या मध्ये फुटला तर पाऊस पडलाच नाही. (नक्षत्राचं वाहन बेडूक आहे म्हणून यंदा भरपूर, असं पंचांगातून सांगणाऱ्यांचं एक बरं असतं. तिथे इगतपुरी आणि येवल्याला एकच बेडूक पुरतो. मोबाइलवर आपल्या गल्लीचा पाऊस दशांशापर्यंत दाखवणाऱ्यांनाही, गल्लीत मापक कुठे आहे, एवढं विचारून पाहावं.)

रोजच्या कामात मात्र सगळ्यांत जास्त घात करतं बंद पडलेलं मापक. घाटमाथ्याच्या मापकात पाला अडकला किंवा मोठ्या पावसात तिथे कुणी पोहोचूच शकलं नाही. नोंद रिकामी राहिली, तर नकाशा पुन्हा आखावा लागतो. पहिल्याचे ५० चौरस किलोमीटर आपल्या उदाहरणात दुसऱ्याकडे जातात, त्याचा वाटा १५५ होतो आणि सरासरी ६६.३ वरून ५३.४ वर येते. पाऊस तोच, फक्त साक्षीदार कमी झाला. पण त्या रिकाम्या चौकटीत कुणी शून्य भरलं, तर जमीन पहिल्याकडेच राहते, तिथे पाऊसच नव्हता असं ठरतं आणि सरासरी ४०.६ वर घसरते. ‘नोंद नाही’ आणि ‘पाऊस नाही’ यांत या एका दिवशी सुमारे पावणेतेरा मिलिमीटरचा फरक आहे. बाकी सगळीकडे झोड उठलेली असताना माथ्यावर शून्य दिसलं, तर आधी नोंदवहीवरच संशय घ्यावा.

यातलं काही चुकतंय का, हे धरणच सांगतं. धरणात आलेलं पाणी पातळीवरून आणि विसर्गावरून वेगळं मोजता येतं. गंगापूरच्या वर कश्यपी आणि गौतमी ही धरणं आहेत, त्यांत वाढलेला साठाही त्यात मिळवायचा. पाणलोटावर पडलेल्या पाण्यातलं काही मुरतं, काही भातखाचरांत अडतं, म्हणून संपूर्ण सरीनंतरची आवक पडलेल्या पावसापेक्षा कमीच यायला हवी. आपल्या उदाहरणात आवक २ कोटी ७० लाख घनमीटर भरली आणि पावसाचा हिशोब २ कोटी ३२ लाखांचा असला, तर काहीतरी नक्की चुकलेलं आहे. आधीच्या दिवसांचं पाणी उशिरा येत नाही ना, हे पाहायचं. तसं नसेल आणि असं वारंवार होत असेल, तर पाऊस कमी मोजला जातोय आणि पहिला संशय मापक नसलेल्या धारांवर जातो.

मग एखाद्या धारेवर स्वयंचलित मापक बसवतात. ते येताच नवे लंबदुभाजक पडतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मापकाच्या पट्ट्यांतली जमीन त्याच्याकडे जाते आणि पाणलोटाची सरासरी एका रात्रीत वाढते. त्या वर्षी पाऊस वाढला असा निष्कर्ष काढायचा नाही. म्हणून पुढची काही वर्षं नोंदवहीत दोन सरासऱ्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. जुन्या चार मापकांची, मागच्या वर्षांशी तुलना करायला; आणि नव्या पाचांची, दरवाजे किती उघडायचे ते ठरवायला.