गर्भनिरोधक गोळ्या आणि बीपी

रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या दोन प्रकारच्या असतात, एकीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन्ही हार्मोन्स असतात आणि दुसरीत नुसतं प्रोजेस्टोजेन. बीपीचा प्रश्न येतो तो मुख्यतः पहिलीचा. इस्ट्रोजेनमुळे लिव्हर अँजिओटेन्सिनोजेन नावाचं प्रोटीन जास्त बनवायला लागतं, त्यातून पुढे रक्तवाहिन्या आवळतात आणि शरीरात मीठ-पाणी साठून राहतं. बहुतेकींचं बीपी यामुळे अगदी थोडंच वाढतं, पण काही जणींचं 140/90 च्या वर जातं, आणि त्रास काहीच जाणवत नाही म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही.

म्हणून दोन हार्मोन्सची गोळी सुरू करायच्या आधी बीपी सगळ्यांनीच मोजायचं, वय कमी असलं तरी. आधी कधी बीपी वाढलेलं असेल, गरोदरपणात वाढलं असेल, किडनीचा आजार किंवा डायबेटिस असेल, वय 35 च्या पुढे असून सिगारेट चालू असेल तर हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं, विचारायची वाट बघायची नाही. मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या लेव्हलला, आणि दंडाला पट्टा नीट मापाचा हवा कारण लहान पट्टा बीपी खोटंच जास्त दाखवतो.

आता समजा, 33 वर्षांच्या एका बाईचं सुरुवातीला 118/76 होतं आणि तीन महिन्यांनी तपासल्यावर 146/94 आलं. एका रीडिंगवर निर्णय घ्यायचा नसतो, म्हणून काही दिवसांनी परत मोजलं तर 144/92. म्हणजे वाढ खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार 140/90 पासून ही गोळी सहसा देत नाहीत आणि 160/100 पासून तर अजिबातच नाही (वरचा किंवा खालचा, एक आकडा जरी तिथे पोचला तरी). तिला डॉक्टर नुसत्या प्रोजेस्टोजेनची गोळी किंवा कॉपर टी सुचवतील.

इथे एक चूक फार होते, बीपी वाढलं म्हणून घाबरून गोळी बंद करतात आणि दुसरं काहीच वापरत नाहीत. वाढलेल्या बीपीत नको असलेलं गरोदरपण गोळीपेक्षा जास्त धोक्याचं असतं, त्यामुळे मधल्या काळात निदान कंडोम हवाच.

गोळी थांबवल्यावर बीपी साधारण तीन महिन्यांत खाली येतं. नाही आलं तर दोष गोळीचा नसून बीपीचा आजार वेगळाच असू शकतो, मग त्याची तपासणी आणि उपचार करावे लागतात. पण आकडा 180/120 च्या आसपास असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, जोराचं डोकं दुखणं, अंधुक दिसणं किंवा एका बाजूला बधिरपणा असेल तर दुसऱ्या रीडिंगसाठी दिवस घालवायचे नाहीत, लगेच हॉस्पिटल गाठायचं. बीपी नॉर्मल राहिलं तरी गोळी चालू असेपर्यंत वर्षातून एकदा मोजत राहायचं.