मुलाखतीच्या ईमेलचा स्क्रीनशॉट पाठवताय? रिक्रूटरला आभार आणि फॉलो-अप लिहिण्याआधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या कामांत एक काम वारंवार येते. ग्राहक मुलाखतीची वेळ कळवणाऱ्या ईमेलचा स्क्रीनशॉट पाठवतात आणि खाली लिहितात, "यावरून रिक्रूटरला आभाराचा संदेश लिहून द्या, पुढे काय झाले तेही विचारा." आम्ही लिहून देतो. पण त्या स्क्रीनशॉटमध्ये मुलाखत कधी, कुठे, कोणासोबत ठरली एवढेच असते. ती झाली कशी, हे त्यात नसते. केवळ त्यावरून लिहिलेला आभाराचा संदेश कोणत्याही उमेदवाराच्या नावाने खपून जाईल असा होतो, आणि रिक्रूटर असे संदेश रोज वाचतो. म्हणून स्क्रीनशॉटमधून काय मिळते आणि बाकीचे तुमच्याकडून का लागते, ते इथे सांगतो.

पाठवणारा कोण, सही कोणाची

सर्वात आधी आम्ही पाठवणाऱ्याचा पत्ता पाहतो. मोबाइलवर बहुतेक वेळा नुसते नाव दिसते, पत्ता झाकलेला असतो. जीमेलमध्ये नावाखालच्या "to me" या बारीक अक्षरांवर बोट ठेवले की पूर्ण पत्ता उघडतो. तो उघडून मगच स्क्रीनशॉट घ्या. कारण वेळ ठरवणारे ईमेल पुष्कळदा माणूस पाठवत नाही, कंपनीची भरतीची प्रणाली पाठवते. पत्ता no-reply असा सुरू होत असेल, तर त्यावर पाठवलेले आभार कोणीही वाचत नाही. अशा वेळी मजकुराखालची सही बघावी लागते. रिक्रूटरचे नाव आणि खरा पत्ता तिथे असण्याची शक्यता जास्त. तिथेही नसेल, तर ज्या ईमेलवर तुमचे त्यांच्याशी याआधी बोलणे झाले आहे तो शोधून द्या.

कधी ईमेल पाठवणारी व्यक्ती वेगळी, म्हणजे फक्त वेळा जुळवणारी समन्वयक, आणि रिक्रूटर 'सीसी'मध्ये असतो. तेव्हा संदेश रिक्रूटरला जायला हवा, आणि समन्वयकालाही त्यात ठेवले की तिला वेगळे कळवावे लागत नाही.

पत्ता आणि नावे मात्र आम्हाला अक्षरांतही पाठवा. ईमेलमधून कॉपी करून पेस्ट केले की झाले. चित्रावरून हाताने टाइप करताना मोठा I आणि लहान l एकसारखे दिसतात, rn जवळजवळ आले की m वाटतात, शून्य आणि O यांतही गल्लत होते. पत्ता चुकला तर ईमेल परत तरी येतो. नाव चुकले तर कोणी सांगत नाही, आणि आभाराच्या संदेशात समोरच्याचेच नाव चुकीचे जाते.

एक सूचना इथेच: स्क्रीनशॉट पाठवण्यापूर्वी मीटिंगची लिंक, पासकोड आणि तुमचा फोन नंबर झाका. संदेश लिहायला आम्हाला त्यांची गरज नसते. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा नसेल, ईमेलमध्ये पैसे किंवा बँकेचा तपशील मागितला असेल, तर आभार वगैरे राहू द्या. आधी कंपनीच्या संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून तिथे विचारा.

वेळेची ओळ

ही ओळ साधी वाटते, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. समजा, स्क्रीनशॉटमध्ये असे आहे:

`Thu, 12 Jun, 3:30 – 4:15 PM CST`

CST ही अक्षरे अमेरिकेच्या मध्य भागातल्या प्रमाणवेळेला वापरतात आणि चीनच्या वेळेलाही. पहिली वेळ UTC या जागतिक प्रमाणवेळेच्या ६ तास मागे आहे, दुसरी ८ तास पुढे. म्हणजे एकाच ओळीचे दोन अर्थ, आणि त्यांत १४ तासांचे अंतर. कंपनी अमेरिकेतली आहे हे माहीत असेल तरी प्रश्न संपत नाही. जूनमध्ये तिथली बहुतेक घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, तेव्हाचे नाव CDT आणि अंतर ५ तासांचे. पण सवयीने CST लिहिणारे पुष्कळ. खरोखर CST म्हणायचे असेल तर मुलाखत UTC २१:३० ला, आणि तिथल्या भिंतीवरच्या घड्याळानुसार ३:३० म्हणायचे असेल तर UTC २०:३० ला.

भरीस भर म्हणजे, ईमेलसोबत कॅलेंडरचे निमंत्रण आले असेल तर फोन ती वेळ तुमच्या टाइम झोनमध्ये बदलून दाखवतो. त्यामुळे एकाच स्क्रीनशॉटमध्ये वरच्या चौकटीत एक वेळ आणि खालच्या मजकुरात दुसरी असे चित्र दिसते. दोन्ही बरोबर असू शकतात. मजकुरातली वेळ तुमच्या झोनमध्ये बदलून चौकटीशी ताडून पाहा. जुळली तर प्रश्न मिटला. तासाचा फरक आला तर बहुधा वरचाच घोळ आहे आणि रिक्रूटरला विचारलेच पाहिजे. आपण अंदाज बांधून गप्प बसू नये. तारीख 03/04 अशी आकड्यांतच असेल तरी तेच: वार लिहिलेला असेल तर त्यावरून उलगडते, नसेल तर विचारायचे.

मुलाखतीआधीचा संदेश

त्यामुळे पहिला संदेश मुलाखत होण्यापूर्वीच जातो, शक्यतो ईमेल आला त्याच दिवशी. निमंत्रणावर "Yes" दाबले म्हणजे उत्तर दिले, असे अनेकांना वाटते. त्याने वेळ मान्य असल्याचे आयोजकाला कळते, पण आयोजक रिक्रूटर असेलच असे नाही, आणि शंका विचारायला तिथे जागाही नसते. वरच्या उदाहरणासाठी आम्ही असे लिहू:

> नमस्कार,
> मुलाखत ठरवल्याबद्दल आणि दोन्ही मुलाखतकारांची नावे आधीच कळवल्याबद्दल आभार. गुरुवार, १२ जून ही तारीख मला सोयीची आहे. ईमेलमध्ये ३:३० CST असे आहे, माझ्या कॅलेंडरमध्ये मात्र UTC २०:३० दिसते. २०:३० हीच वेळ धरू ना?

आभार कशाचे, ते रिक्रूटरने खरोखर केलेल्या कामाचे. बाकी एकच प्रश्न, ज्याला "हो" एवढे उत्तर पुरते. नोकरीविषयीची उत्सुकता, कंपनीची स्तुती यांतले काही यात नको. ते मुलाखतीत बोलायचे आहे.

संदेश त्याच ईमेलला रिप्लाय म्हणून पाठवा, नवीन विषय टाकून नको. रिक्रूटरकडे एकाच वेळी अनेक पदांची भरती चालू असते. जुना मजकूर खाली असला की कोणते पद, कोणता उमेदवार हे त्याला शोधावे लागत नाही. पाठवणारा no-reply असेल आणि नवीन ईमेल लिहावाच लागला, तर विषयात पद, तुमचे नाव आणि मुलाखतीची तारीख द्या.

मुलाखतीनंतरचे आभार

इथे स्क्रीनशॉटचा उपयोग जवळजवळ संपतो. नावे, पद, तारीख एवढे त्यातून घेता येते. संदेशाचा गाभा तुमच्याकडून यायला हवा. म्हणून मुलाखत संपल्यावर लगेच, आठवणीत आहे तोवर, आम्हाला चार ओळी लिहून पाठवा: कोणत्या विषयावर बोलणे रेंगाळले, तुम्ही काही पाठवतो म्हणालात का, आणि निकाल कधी कळवू असे ते म्हणाले. भाषा कशीही चालेल. ईमेलमध्ये तीन मुलाखतकारांची नावे होती आणि प्रत्यक्षात दोघेच आले, असेही होते. ते आम्हाला कळले नाही तर न आलेल्या माणसाचेही आभार मानले जातील.

एक नमुना घेऊ. पद माल पुरवठ्याच्या नियोजनाचे. ग्राहकाच्या टिपणात आहे: पुरवठादाराकडून माल उशिरा आला तर साठा कसा सांभाळता यावर बराच वेळ गेला, आठवड्याच्या साठा-अहवालाचा नमुना पाठवतो म्हणालो, पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवतील. त्यावरून रिक्रूटरला हा संदेश:

> नमस्कार,
> कालची मुलाखत जुळवून आणल्याबद्दल आभार. उशिरा येणाऱ्या मालाचा साठा कसा सांभाळायचा यावर दोन्ही मुलाखतकारांशी सविस्तर बोलणे झाले. त्या वेळी मी म्हटलेला आठवड्याच्या साठा-अहवालाचा नमुना सोबत जोडला आहे. जुन्या कंपनीचे आकडे आणि नावे त्यातून काढली आहेत. हा अहवाल आणि माझे आभार कृपया त्यांच्यापर्यंत पोहोचवाल का? पुढच्या शुक्रवारपर्यंत निर्णय कळेल असे मी धरून चालतो आहे.

मुलाखतीला २४ तास होण्याआधी हे जावे. मुलाखतकारांचे पत्ते ईमेलमध्ये नसतील, तर कंपनीच्या पत्त्यांची पद्धत ताडून ते बनवू नका. काही ग्राहक तसा आग्रह धरतात. आमचे मत स्पष्ट आहे: तो ईमेल दुसऱ्याच कोणाला जाऊ शकतो, आणि योग्य माणसाला गेला तरी पत्ता कुठून मिळाला हा प्रश्न उरतो. रिक्रूटरमार्फत पाठवलेले पुरते.

अहवालातली जुन्या कंपनीची माहिती काढण्याचे वाक्य मुद्दाम आहे. जुन्या ठिकाणची कागदपत्रे जशीच्या तशी पाठवणारा उमेदवार उद्या आपलीही पाठवेल, असे वाचणाऱ्याच्या मनात येते. नमुना तसा स्वच्छ करता येत नसेल, तर तो जोडू नका. का जोडत नाही ते एका ओळीत सांगा.

ठरलेला दिवस उलटला तर

शुक्रवारी काही कळले नाही म्हणून शनिवारी विचारू नका. पुढचे दोन कामाचे दिवस जाऊ द्या. निर्णय बहुतेकदा रिक्रूटरच्या हातात नसतो; तो मुलाखतकारांच्या अभिप्रायाची वाट पाहत असतो. दिवसच सांगितला नसेल, तर मुलाखतीनंतर आठवडाभराने विचारणे रास्त आहे. याच धाग्यात, आपल्याच शेवटच्या ईमेलला जोडून:

> नमस्कार,
> १२ जूनच्या मुलाखतीबद्दल शुक्रवारपर्यंत कळेल असे ठरले होते. निर्णयाला अजून वेळ लागणार असल्यास नवीन अंदाज कळवाल का? माझ्याकडून आणखी काही हवे असल्यास तेही सांगा.

"आपण व्यस्त असाल याची कल्पना आहे", "पुन्हा त्रास देतो, क्षमस्व" अशी वाक्ये ग्राहक आवर्जून घालायला सांगतात. आम्ही ती काढतो. ठरलेल्या दिवसाची आठवण करून देणे हा त्रास नाही, आणि माफीच्या ओळींत मूळ प्रश्न खाली ढकलला जातो. दुसरीकडून प्रस्ताव आला असेल, तर मात्र थांबू नका; त्याच दिवशी कळवा आणि तिकडे उत्तर देण्याची शेवटची तारीख लिहा. प्रस्ताव खरोखर हातात असेल तरच. रिक्रूटर पुढचा प्रश्न त्याबद्दलच विचारतो.

या विचारणेलाही उत्तर आले नाही, तर आणखी एका आठवड्याने शेवटचा संदेश पाठवता येतो. तिसरा आम्ही लिहून देत नाही. नकार आला तर दोन ओळींचे उत्तर द्यावे: कळवल्याबद्दल आभार, आणि पुढे अशाच कामाची जागा निघाल्यास कळवावे. कारण विचारायचे असल्यास त्याच उत्तरात एकदा विचारा. अनेक कंपन्या ते सांगत नाहीत, तेव्हा त्यावर पुन्हा लिहू नका.