लाल इशारा ज्याला काळपट दिसतो

‘टीम फोर्ट्रेस २’ या नेमबाजीच्या खेळात आपली तब्येत पडद्याच्या डाव्या तळकोपऱ्यातल्या पांढऱ्या क्रॉसवर दिसते. ती निम्म्याच्या खाली गेली, की क्रॉसमागे लाल रंग धडधडू लागतो. बहुतेकांना तेवढं पुरतं. पण प्रोटान प्रकारचा रंगांधळेपणा असलेल्यांच्या डोळ्यांत लाल प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशी नसतात किंवा वेगळ्या असतात. त्यामुळे लाल त्यांना काळपट दिसतो आणि अंधाऱ्या भिंतीसमोरचा इशारा त्यांच्यासाठी विझूनच जातो.

त्यात तो इशारा कोपऱ्यात. खेळताना नजर मधल्या नेमावर खिळलेली असते, आणि नजरेच्या कडेला लाल-हिरव्यातला फरक कुणालाच नीट कळत नाही. म्हणून नुसता रंग बदलून भागत नाही, जागाही बदलावी लागते.

या खेळात दोन्ही गोष्टी साध्या मजकुराच्या फायलींमध्ये लिहिलेल्या असतात. मूळ फायली तशाच ठेवून त्यांच्या पूर्ण प्रती `tf/custom` मधल्या आपल्या फोल्डरमध्ये, मूळच्याच उपफोल्डरांत घ्यायच्या. इशाऱ्याचा रंग `clientscheme.res` मध्ये सापडतो:

```
"HUDDeathWarning" "255 0 0 255"
```

पहिले तीन आकडे लाल, हिरवा आणि निळा, चौथा अपारदर्शकतेचा. इथे `255 200 0 255` लिहिलं, की गडद पिवळा मिळतो. हिरव्याची भर पडल्यामुळे तो प्रोटान डोळ्यालाही उजळ दिसतो. मग `HudPlayerHealth.res` उघडायची:

```
"xpos" "c-190"
"ypos" "c40"
"HealthBonusPosAdj" "25"
```

`c` म्हणजे पडद्याचा मध्य. पडद्याची उंची ४८० एकक धरलेली असते, त्यामुळे १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर १९० एकक म्हणजे सुमारे ४३० पिक्सेल डावीकडे. तिसऱ्या ओळीतला आकडा मूळच्या १० वरून वाढवला, की मागचा क्रॉस जास्त फुगतो. मला ही ओळ सर्वांत मोलाची वाटते, कारण फुगणं ओळखायला रंग लागतच नाही.

मात्र एक अडचण आहे. तब्येत पूर्णपेक्षा वर गेली तरी तोच क्रॉस पांढऱ्या रंगात फुगतो. तेव्हा पिवळा पुरेसा गडद हवा. फिका घेतला, तर घाईत दोन्ही सारखेच वाटतात.

खेळ चालू असतानाच कन्सोलमध्ये `hud_reloadscheme` टाकलं, की जागेचा आणि आकाराचा बदल लगेच दिसतो. रंग बदललेला दिसला नाही, तर खेळ बंद करून पुन्हा सुरू करावा. पण शेजारी-शेजारी ठेवलेल्या चित्रांवरून निर्णय घेऊ नये. शेजारी असले तर लाल आणि हिरवाही उजेडातल्या फरकावरून ओळखू येतात, एकटे दिसले की फसगत होते. त्यापेक्षा रंगांध खेळाडूला नेमावर नजर ठेवून खेळू द्यावं आणि इशारा सुरू होताच सांगायला लावावं. तेही वाळवंटी नकाशावर, कारण पिवळसर मातीसमोर पिवळा इशाराही हरवतो. तिथे पिवळ्याऐवजी गडद निळा बरा. निळ्या-पिवळ्यातच ज्यांचा गोंधळ होतो, त्या दुर्मीळ ट्रायटान खेळाडूंसाठी मात्र मूळचा लालच ठेवून फक्त जागा आणि आकार बदलावा.