कपाटात काहीच नाही, हे मुलाला ठाऊक असते
अंधाराच्या भीतीविषयी पालकांसाठी माहितीपत्रक

साडेतीन वर्षांचे मूल गेल्या आठवड्यापर्यंत दिवा मालवला की निमूट झोपत असे, आणि एके रात्री ‘कपाटात कोणीतरी आहे’ असे म्हणत ते रडू लागते. आमच्या बालसमुपदेशन केंद्रात येणारे पालक अशा वेळी बहुधा पहिला प्रश्न विचारतात, की याला घाबरवले कोणी? पुष्कळदा कोणीच घाबरवलेले नसते. भीती अचानक दिसते, कारण तिच्यामागची क्षमता नुकतीच मुलाच्या हाती आलेली असते.

तान्हे मूल समोर असलेल्या गोष्टीला घाबरते: मोठा आवाज, अनोळखी चेहरा. दोन-तीन वर्षांच्या सुमारास समोर नसलेल्या वस्तूचे चित्र मनात उभे करता येऊ लागते. ठोकळ्याची बस करणारी आणि रिकाम्या कपातून चहा पिणारी हीच कल्पनाशक्ती कपाटात राक्षसही बसवते. मात्र मनात आलेले चित्र ‘हे केवळ माझ्या डोक्यात आहे’ असे म्हणून बाजूला सारण्याचे कौशल्य पुढे कित्येक वर्षे हळूहळू पक्के होत जाते. दिवसा खेळणी, आवाज आणि माणसे त्या चित्राला मागे ढकलतात. रात्री डोळ्यांना पाहायला काही उरत नाही, आई-बाबा नुकतेच खोलीबाहेर गेलेले असतात आणि चित्राला आडकाठी राहत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आम्हाला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामी पेटी दाखवून, तिच्यात एखादा प्राणी आहे अशी कल्पना करायला सांगितले. तो खरा नाही, हे मुलांनी स्पष्टपणे सांगितले. तरीही प्रयोग करणारी व्यक्ती खोलीबाहेर जाऊ लागली, तेव्हा भीतिदायक प्राण्याची कल्पना केलेली काही लहान मुले तिला जाऊच देईनात. एकटी राहिलेल्यांपैकी अनेकांनी पेटीला हात लावला किंवा ती उघडून पाहिली. नंतर विचारल्यावर, आत खरेच काही असेल का अशी शंका आल्याचे पुष्कळांनी कबूल केले. म्हणजे मूल खोटे बोलत नाही आणि त्याला समजतही नाही असे नाही. ‘खरे नाही’ हे ज्ञान आणि ‘असले तर?’ ही धास्ती त्याच्या मनात एकाच वेळी नांदतात.

म्हणूनच कपाट उघडून ‘बघ, काही नाही’ असे दाखवल्यावर मूल दोन मिनिटे शांत होते आणि दार लागताच पुन्हा हाक मारते. आपण ज्ञानाला उत्तर दिलेले असते, धास्तीला नाही. रोज रात्री विजेरी घेऊन मोठ्यांनीच गंभीरपणे पलंगाखाली शोध घेणे तर आम्हाला अपायकारक वाटते, कारण शोधण्यासारखे तेथे काही असू शकते, असाच अर्थ मूल त्यातून काढते.

वर सांगितलेल्या मुलाचेच पाहू. ‘ते कसे दिसते’ असे दिवसा, सहज बोलताना विचारल्यावर त्याने सांगितले, की त्याला मोठे खांदे आहेत, पण तोंड नाही. कपाटाच्या दारावर टांगलेला कोट होता तो. अशा वेळी कोट गुपचूप काढून टाकू नये. संध्याकाळी दिवा मालवून मुलाजवळ बसावे, अंधाराला डोळे सरावू द्यावेत (पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, पण पाच-सात मिनिटांतही पुष्कळ दिसू लागते) आणि खांद्यांचा पुन्हा कोट होताना मुलाला स्वतः पाहू द्यावे. मग तो त्यानेच उचलून ठेवावा. पुढच्या काही रात्री आपण आधी पलंगाशी, मग दाराशी आणि नंतर दाराबाहेर बसावे. मंद, पिवळसर दिवा चालेल. प्रखर पांढरा प्रकाश झोप लांबवतो.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना बाहुल्याचाही उपयोग होतो. इस्रायलमधील अवी सादेह यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना ‘हे कुत्र्याचे पिल्लू तुला सांभाळेल’ असे, तर काहींना ‘तू याला सांभाळ’ असे सांगून बाहुले दिले होते. दोन्ही प्रकारे रात्रीची भीती कमी झाली.

झोपल्यानंतर साधारण पहिल्या तीन तासांत मूल किंचाळत उठत असेल, आपल्याला ओळखत नसेल आणि सकाळी त्याला काही आठवत नसेल, तर ती ही भीती नव्हे. तो गाढ झोपेतून अर्धवट जागे होण्याचा प्रकार आहे. त्या वेळी त्याला हलवून जागे करू नये, फक्त इजा होणार नाही एवढे पाहावे. भीती सहा महिने टिकली, दिवसाही मूल एकटे दुसऱ्या खोलीत जाईनासे झाले किंवा एखाद्या प्रत्यक्ष घटनेनंतर ती सुरू झाली असेल, तर मात्र थांबू नये; मुलाला घेऊन भेटावे.