लिंबू सोड्याच्या युनिटचं फूड लायसन्स: कागदपत्रं काय लागतात आणि सिरप, ब्रिक्स, गॅसचे आकडे फाईलमध्ये कसे बसवायचे

मागच्या वर्षी मावसभावाच्या छोट्या युनिटची फाईल मी भरून दिली होती, 200 मिलीची काचेची बाटली, क्राउन झाकण, लिंबू सोडा, बाकी काही नाही. कागदपत्रं गोळा करायला चार दिवस लागले, पण खरा वेळ गेला तो प्रोसेस शीटमध्ये, कारण सिरपचा एक आकडा चुकला होता आणि त्यामुळे लेबल, लॅब रिपोर्ट आणि फ्लो चार्ट तिन्ही एकमेकांशी जुळेना. म्हणून इथे फॉर्म आणि सिरप रूम दोन्ही एकत्रच सांगतोय.

अर्ज ऑनलाईनच, foscos.fssai.gov.in वर. रजिस्ट्रेशन, स्टेट लायसन्स की सेंट्रल, हे तुम्ही भरलेल्या उलाढाल आणि क्षमतेवरून ठरतं, आणि या मर्यादा मधूनमधून बदलतात त्यामुळे ओळखीच्याने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते न बघता अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जे दिसतं तेच धरा. आपल्याकडे स्टेट लायसन्सचा अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्यातल्या सहायक आयुक्तांकडे जातो.

पण त्याआधी एक गोष्ट नक्की करा, तुमचं प्रॉडक्ट कायद्याच्या भाषेत आहे तरी काय. साधा सोडा वेगळ्या कॅटेगरीत येतो, फ्लेवर आणि साखर घातलेलं गॅसवालं पेय 14.1.4.1 मध्ये, आणि लिंबाचा खरा रस घातला की रसाचं प्रमाण बघून नाव बदलतं. लिंबाचा रस वजनाने 5 टक्के किंवा जास्त असेल तर ते कार्बोनेटेड फ्रूट ड्रिंक, आणि मग विद्राव्य घन पदार्थांचा वजनाने टक्का, म्हणजे आपला ब्रिक्स, किमान 10 पाहिजे. रस 5 च्या खाली पण निदान 2.5 टक्के असेल तर 'कार्बोनेटेड बेव्हरेज विथ फ्रूट ज्यूस', इथे ब्रिक्सची अट नाही पण रस किती टक्के ते लेबलवर लिहावं लागतं. त्याहून कमी असेल तर लिंबाचा फोटो छापून फळाचं पेय असल्यासारखं विकू नका, तो फ्लेवरचा सोडा आहे. भावाने मधला पर्याय घेतला.

पात्रतेत लोक अडकतात ते माणसावर. उत्पादनावर देखरेख करणारी निदान एक व्यक्ती तांत्रिक शिक्षणाची पाहिजे, केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी असा विषय घेऊन सायन्सची डिग्री, किंवा फूड टेक्नॉलॉजीची डिग्री नाहीतर डिप्लोमा. मालक स्वतः तसा शिकलेला असेल तर उत्तम, नाहीतर कोणालातरी ठेवावं लागतं, आणि नुसतं कागदावर नाव लावून ठेवू नका कारण खाली जे सांगतोय ते रोज बघणारं कोणीतरी हवंच.

कागदपत्रं म्हणाल तर फॉर्म बी, जागेचा पुरावा म्हणजे भाडेकरार किंवा मालकीचा कागद, मालक किंवा पार्टनरांचे ओळखपत्र आणि यादी, पार्टनरशिप असेल तर डीड, युनिटचा मापासकट लेआउट, मशिनरीची यादी क्षमता आणि हॉर्सपॉवरसह, जबाबदार व्यक्तीचं नॉमिनेशन म्हणजे फॉर्म नऊ, पाण्याचा केमिकल आणि बॅक्टेरियाचा मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट, आणि फूड सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिमचा प्लॅन. लेआउटमध्ये सिरप रूम वेगळी दाखवा, बाटली धुण्याच्या जागेला लागून नको. मशिनरी यादीत कार्बोनेटर आणि फिलरची क्षमता लिहिताना ती फॉर्ममधल्या रोजच्या उत्पादनाशी जुळते का हे गुणाकार करून बघा. गॅस सप्लायरकडून फूड ग्रेड असल्याचं सर्टिफिकेट घेऊन फाईलला जोडून ठेवा, तपासणीला विचारतात.

आता मुख्य भानगड. सेफ्टी प्लॅनसोबत फ्लो चार्ट द्यावा लागतो आणि त्यात सिरपचा ब्रिक्स आणि रेशो येतो. आमचा रेशो एकास पाच, म्हणजे एक भाग सिरप, पाच भाग गॅसचं पाणी, आणि तयार पेय 11 ब्रिक्सचं हवं होतं. भावाने सरळ 11 गुणिले 6 केलं आणि सिरप 66 ब्रिक्सचं लिहिलं. दिसायला बरोबर वाटतं, पण चूक आहे, कारण ब्रिक्स हा वजनाचा टक्का आहे आणि रेशो आकारमानाचा. 66 ब्रिक्सचं सिरप पाण्यापेक्षा खूप जड असतं, एक लिटर साधारण 1 किलो 322 ग्रॅम भरतं, त्यात साखर 873 ग्रॅम, ती सहा लिटरमध्ये पसरली की पेय होतं जवळपास 13.8 ब्रिक्सचं. लेबलवर त्याने 11 ब्रिक्सच्या हिशोबाने 100 मिलीला साखर 11.5 ग्रॅम छापायचं ठरवलेलं, लॅबमध्ये आली 14.5 च्या आसपास. तिथेच सगळं फिसकटलं.

बरोबर हिशोब उलटा करायचा, पेयापासून सुरुवात. 11 ब्रिक्सच्या एका लिटर पेयाचं वजन साधारण 1042 ग्रॅम, त्याचे 11 टक्के म्हणजे 114.7 ग्रॅम साखर. एक लिटर सिरप सहा लिटर पेय करतं, म्हणजे एका लिटर सिरपमध्ये 688 ग्रॅम साखर पाहिजे. डेन्सिटीच्या टेबलमध्ये बघितलं तर असं सिरप सुमारे 54.8 ब्रिक्सचं असतं, एका लिटरचं वजन 1256 ग्रॅम. म्हणजे 66 नाही, 55 च्या जरा खाली. 100 लिटर सिरपला 68.8 किलो, पण हे सगळं साखरेचंच नाही, लिंबाचा रस आणि सायट्रिक ॲसिडपण ब्रिक्समध्ये मोजलं जातं, तेवढी साखर कमी घ्यायची. रसाचा हिशोबही असाच वजनाने, 100 लिटर सिरपपासून होणारं पेय साधारण 625 किलो, त्याचे अडीच टक्के म्हणजे 15.6 किलो रस निदान पडलाच पाहिजे.

आणि 100 लिटर सिरप म्हणजे 100 लिटर पाण्यात साखर टाकणं नव्हे! तसं केलं तर साखरेने आकारमान वाढून ते 140 लिटरच्या वर जातं आणि ब्रिक्स 41 च्या आसपास राहतो. आधी कमी पाण्यात साखर विरघळवा, गाळा, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणजे सोडियम बेंझोएट वेगळ्या पाण्यात विरघळवून ते ॲसिडच्या आधी घाला, मग ॲसिड, रस, फ्लेवर, आणि शेवटी टाकीवरच्या 100 च्या खुणेपर्यंत पाणी. ॲसिड आधी गेलं आणि बेंझोएट नंतर पडलं तर बेंझोइक ॲसिडचे पांढरे कण खाली बसतात, ते बाटलीत दिसतात आणि लोकांना वाटतं बुरशी आली.

फिलर चालू करायच्या आधी 100 मिली सिरप आणि 500 मिली साधं पाणी मिसळून ब्रिक्स मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर बघा, 11 आलं तर पुढे जा. तयार बाटलीतलं पेय तपासताना मात्र आधी हलवून गॅस पूर्ण काढा, बुडबुडे असताना रीडिंग खरं येत नाही. तापमानपण बघा, टेबल 20 डिग्रीचं असतं, 30 डिग्रीला साधा रिफ्रॅक्टोमीटर साधारण 0.7 ने कमी दाखवतो, म्हणजे पेय बरोबर असूनही 10.3 दिसतं आणि ऑपरेटर सिरप वाढवून ठेवतो. आमच्याकडे उन्हाळ्यात रोज दुपारचा माल सकाळपेक्षा गोड का येतो याचं उत्तर हेच निघालं.

गॅसचं पण तापमानाशीच नातं आहे. गॅस 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात, एक व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर पेयात शून्य डिग्री आणि साध्या हवेच्या दाबाला एक लिटर होईल इतका गॅस, वजनाने जवळपास 2 ग्रॅम. आम्ही 3.5 ठेवला. बाटलीचं झाकण टोचणारा गेज असतो त्याने तपासतात, टोचल्यावर आधी वरचा दाब क्षणभर सोडून काटा शून्यावर आणायचा, कारण वर अडकलेली हवापण दाब दाखवते आणि गॅस जास्त असल्याचा भास होतो, मग व्हॉल्व्ह बंद करून काटा स्थिर होईपर्यंत जोरात हलवायचं, दाब लिहायचा आणि लगेच पेयाचं तापमान घ्यायचं. दोन्ही आकडे घेऊन चार्ट बघायचा. 45 पीएसआय हे 20 डिग्रीला साधारण 3.6 व्हॉल्यूम आहे आणि 25 डिग्रीला फक्त 3.1, म्हणजे रजिस्टरमध्ये नुसता दाब लिहिलेला असेल तर त्याला काही अर्थ नाही, तापमानाचा कॉलम पाहिजेच.

याच कारणाने पाणी थंड करून गॅस मारतात. 5 डिग्रीला 3.5 व्हॉल्यूमसाठी वीसेक पीएसआय पुरतो, 30 डिग्रीला साठच्या वर लागतो, आणि फिलरवरून बाटली सुटताना फेस येऊन माल उतू जातो. तीच बाटली एप्रिलमध्ये टेम्पोत 40 डिग्रीला तापली की आतला दाब 80 पीएसआयच्या घरात जातो, त्यामुळे टवका उडालेली, चरे पडलेली परत आलेली बाटली बाजूला काढण्याची पायरी सेफ्टी प्लॅनमध्ये लिहा आणि खरोखर करा, हा माणसाच्या डोळ्याचा प्रश्न आहे.

बॉटलिंगची बाकी तपासणी सोपी आहे. धुतलेल्या बाटलीत फेनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका, गुलाबी झालं तर कॉस्टिक राहिलंय, परत धुवायची. क्राउनचा क्रिंप, म्हणजे झाकणाची बाटलीवर दाबून बसवलेली कड, गो-नो-गो गेजने तपासा. आणि भरलेलं माप, इथे पण वजन आणि आकारमानाचाच घोळ होतो, 200 मिली पेयाचं वजन 208 ग्रॅमच्या वर असतं, काट्यावर 200 ग्रॅम बघून खूश झालात तर बाटलीत 192 मिलीच आहे. वैधमापनच्या नियमात 200 मिलीच्या पॅकला एखाद्या बाटलीत 9 मिलीपर्यंत कमी चालतं, पण सरासरी कमी चालत नाही. त्यांचं पॅकर रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, फूड लायसन्समध्ये ते येत नाही.

अर्ज भरल्यावर काही शंका काढली तर पोर्टलवरच उत्तर द्यायचं, 30 दिवसांत, नाहीतर अर्ज रद्द होतो. तपासणीला अधिकारी येतात, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत लायसन्सचा निर्णय व्हायला हवा असा नियम आहे. लायसन्सनंतर दर सहा महिन्यांनी मालाची लॅब टेस्ट करायची आणि वर्षाचं रिटर्न 31 मे पर्यंत भरायचं.

लॅबला बाटल्या पाठवताना भरल्याची तारीख आणि त्या दिवशीचा ब्रिक्स तुमच्याकडे लिहून ठेवा. ॲसिडमध्ये साखर हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि त्यात थोडं पाणी जोडलं जातं, म्हणून 11 ब्रिक्सला भरलेली बाटली काही आठवड्यांनी साडेअकराच्या जवळ दाखवू शकते. सिरप जास्त पडलंय असं समजून रेशो बदलायला धावू नका, आधी त्याच बॅचची ठेवून दिलेली बाटली उघडून स्वतः मोजा.