सदऱ्यावरची निळी खूण आणि राखाडी ढग

गेल्या आषाढात, वारीला निघण्याच्या आदल्या दिवशी, आमच्या शेजारच्या काकूंनी काकांचे पाच पांढरे सुती सदरे धुऊन निळीत बुडवले आणि संध्याकाळी त्यांतला एक सदरा घेऊन त्या आमच्याकडे आल्या. बेळगावात त्या दिवशी नळाला पाणी आले नव्हते, म्हणून धुणे बोअरच्या पाण्यात झाले होते. सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर रुपयाच्या नाण्याएवढी गडद निळी खूण होती, तर पाठीवर आणि काखेच्या बाजूला फिकट राखाडी रंगाचे ढगासारखे पट्टे उमटले होते. काकूंचे म्हणणे असे होते की नीळ जास्त झाली. खांद्यावरच्या खुणेपुरते ते खरे होते, पाठीवरच्या पट्ट्यांचे कारण मात्र वेगळे होते. या दोन डागांतला फरक समजला की निळीचे सारे काम कसे चालते, हेही समजते.

पांढरे सुती कापड वापरता वापरता पिवळसर पडते, कारण घामातील तेलकट अंश, पाण्यातील लोहाचे सूक्ष्म प्रमाण आणि कापसाच्या तंतूंचे हवेशी होणारे संयोग यांमुळे ते निळा प्रकाश थोडा अधिक शोषू लागते. समजा, असे कापड पिवळ्या आणि तांबड्या प्रकाशातला ८५ टक्के भाग परत पाठवते, पण निळ्यातला ७५ टक्केच पाठवते. ही दहा टक्क्यांची तफावत आपल्या डोळ्यांना पिवळेपणा म्हणून दिसते. निळीतील रंग कापडात निळा प्रकाश भरत नाही, तो पिवळ्या आणि नारिंगी प्रकाशातला काही भाग शोषून घेतो. त्यामुळे ८५ चे ७७ होतात, ७५ जवळजवळ तसेच राहतात आणि तफावत मिटते. म्हणजे कापड परत पाठवत असलेला एकूण प्रकाश निळीनंतर कमी झालेला असतो. तरीही आपल्याला ते अधिक शुभ्र वाटते, कारण उजेडातली थोडीशी घट डोळ्यांना सहज कळत नाही, पण पिवळी छटा लगेच कळते. पांढऱ्यावरची अगदी हलकी निळसर झाक तर आपण शुभ्रता म्हणूनच स्वीकारतो.

याच हिशेबात जास्त निळीचा दोषही दडलेला आहे. मात्रा दुप्पट-तिप्पट केली तर ७७ चे ६५ होतात, तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो आणि कापड निळे दिसू लागते. कापड मुळातच मळकट आणि पिवळट असेल, तर मळ निळा प्रकाश खातो, नीळ पिवळा प्रकाश खाते, आणि दोन्ही बाजूंनी प्रकाश कमी होऊन उरतो तो राखाडी रंग. म्हणून नीळ ही धुण्याची जागा घेऊ शकत नाही, आणि नीट न धुतलेल्या कापडाला नीळ दिली की ते आधीपेक्षा कळकट दिसते.

पूर्वी आपल्याकडे निळीची पूड मिळत असे आणि ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून बादलीत फिरवली जाई. त्या पुडीत बहुधा अल्ट्रामरीन असे. फ्रान्समधील गिमे यांनी १८२०च्या दशकात हे रंगद्रव्य कृत्रिमरीत्या बनवण्याची रीत शोधल्यावर ते स्वस्त झाले. ते पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, आणि पुरचुंडी सैल बांधली गेली तर कापडावर निळे ठिपके पडतात. आजची बाटलीतली द्रव नीळ याहून वेगळी आहे. ती साधारणपणे पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या जांभळट-निळ्या रंगाचे पातळ द्रावण असते. छटा जांभळट ठेवण्यामागे कारण आहे. हिरवट निळा रंग वापरला तर पिवळ्यावर तो हिरवी झाक आणतो.

अशा द्रव निळीत जे रंग वापरले जातात ते मुख्यतः आम्लरंग या गटातले असतात. पाण्यात त्यांच्या रेणूंवर ऋण विद्युतभार असतो आणि भिजलेल्या कापसाच्या तंतूंवरही ऋणभारच असतो, त्यामुळे हा रंग सुती कापडाला घट्ट धरून बसत नाही. पुढच्या धुण्यात तो बहुतांशी निघून जातो, म्हणूनच प्रत्येक धुण्यानंतर नीळ पुन्हा द्यावी लागते.

आता खांद्यावरच्या खुणेकडे येऊ. काकूंनी दहा लिटर पाण्याच्या बादलीत पाच थेंब टाकले होते, आणि ते प्रमाण अगदी योग्य होते. बादलीतला सगळाच्या सगळा रंग पाच सदऱ्यांनी ओढून घेतला असे मानले, तरी एका सदऱ्याच्या वाट्याला एक थेंबच येतो. सदऱ्याला साधारण दोन चौरस मीटर कापड लागते, म्हणजे वीस हजार चौरस सेंटिमीटर. तोच एक थेंब बाटलीतून थेट ओल्या कापडावर पडला, तर तो पसरून फार तर पाच चौरस सेंटिमीटर जागा व्यापतो. तेवढ्या जागेत रंग अपेक्षेपेक्षा सुमारे चार हजार पट दाट होतो. मी विचारल्यावर काकूंना आठवले की सदरे बादलीत घातल्यावर पाणी फिकट वाटले, म्हणून त्यांनी वरून आणखी एक थेंब सोडला होता. तो थेंब खांद्यावर पडला. बादलीतली नीळ जास्त नव्हती, पण त्या एका जागी ती फार जास्त झाली होती.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी थेंब मगभर पाण्यात टाकून हलवावेत, ते पाणी बादलीत ओतून पुन्हा ढवळावे आणि मगच कपडे घालावेत. पाण्याचा रंग बादलीत पाहून अंदाज चुकतो, कारण निळ्या किंवा लाल प्लास्टिकची छटा त्यात मिसळते. ते पाणी ओंजळीत घेऊन पाहावे. तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसाव्यात आणि पाण्याला जेमतेम आकाशी झाक असावी. कपडे पिळाचा गोळा करून न टाकता एकेक उलगडून बुडवावा, कारण गोळ्याच्या बाहेरच्या घड्या पाण्यातला रंग आधी घेतात आणि आतल्या घड्यांपर्यंत पोहोचेस्तोवर पाणी फिके झालेले असते. सदरा दोन-तीन वेळा वरखाली करून लगेच पिळावा. पाण्यात ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नये.

पाठीवरचे ढग मात्र निळीच्या आधीच तयार झालेले होते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, म्हणून ते जड असते. त्या दिवशी घरात वापरली होती ती साध्या साबणाची वडी. साबण आणि कॅल्शियम यांच्या संयोगाने एक न विरघळणारा चिकट साका बनतो. बादलीच्या कडेला पांढरट थर दिसतो तो हाच. फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण लावतो आणि साका आणखी वाढतो. तो जिथे साबण अधिक घासला जातो तिथे, म्हणजे काख, पाठ आणि कॉलरच्या भागात, तंतूंमध्ये अडकतो, आपल्याबरोबर मळ धरून ठेवतो आणि नंतर आलेला निळा रंगही धरून ठेवतो. पिवळट मेणचट थरावर नीळ बसली की राखाडी पट्टा तयार होतो. तेच कपडे पावसाच्या साठवलेल्या पाण्यात धुतले असते, तर तेवढ्याच निळीने असे पट्टे पडले नसते. खानापूरच्या बाजूला पागोळ्यांखाली पातेली मांडून धरलेल्या पाण्यात साबणाला किती सहज फेस येतो, हे तिकडच्या कोणालाही ठाऊक असते.

दोन डाग ओळखण्याची एक सोपी चाचणी मी काकूंना करून दाखवली. वाळलेल्या सदऱ्यावर पाण्याचा एक थेंब स्वच्छ भागावर ठेवला, तो लगेच जिरला. दुसरा राखाडी पट्ट्यावर ठेवला, तो काही क्षण मण्यासारखा तसाच राहिला, कारण खाली मेणचट साका होता. निळ्या खुणेवरचा थेंब मात्र स्वच्छ कापडाप्रमाणेच जिरला. तिथे नुसता रंग होता.

उपायही त्याप्रमाणे वेगळे करावे लागतात. निळ्या खुणेसाठी सदरा साध्या पाण्यात बुडवून ठेवला आणि पाणी निळसर होईल तसतसे तीन वेळा बदलले, नंतर कोमट पाण्यात धुण्याची पूड आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवला. या गटातले बरेच रंग सोड्याच्या पाण्यात आणि उन्हात फिके पडतात. राखाडी पट्ट्यांसाठी आधी पाच लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवले, कारण आम्लामुळे साक्यातले कॅल्शियम सुटे होते. मग सदरा भरपूर पाण्यात खळबळून पुन्हा पुडीने धुतला. इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: व्हिनेगर किंवा लिंबू यांच्याबरोबर क्लोरीनचे ब्लीच कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो. डाग निघेपर्यंत इस्त्रीही करू नये.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार दिसतो. कपडे दोरीवर दोन-दोन दिवस ओले लटकतात, पाणी हळूहळू खालच्या काठाकडे उतरते, तिथून उडून जाते आणि बरोबर आलेला रंग काठावर साचतो. शिवणीलगत निळी रेघ दिसते ती त्यामुळे. घट्ट पिळून पंख्याखाली वाळवले आणि मध्ये एकदा कपडा उलटा टांगला, तर ही रेघ पडत नाही.

नीळ वाढत जाण्यामागे घरातला दिवाही असतो, असे मला वाटते. हल्लीच्या बहुतेक धुण्याच्या पुडींत प्रकाशवर्धक घटक असतात. ते न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांच्या जागी निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणजे निळीच्या उलट कापडाच्या उजेडात खरी भर घालतात. पण घरातल्या एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात. रात्री दिव्याखाली सदरा पिवळट दिसतो आणि हात बाटलीकडे जातो. तोच सदरा सकाळी अंगणात पाहिला असता, तर नीळ लागलीच नसती. कपड्याला नीळ हवी की नको, हे दिवसाच्या उजेडातच ठरवावे.

काकांचा सदरा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत स्वच्छ झाला. पण त्याच बादलीत नातवाचे शनिवारच्या पांढऱ्या गणवेशाचे नायलॉनचे मोजे होते आणि ते मात्र निळसरच राहिले. नायलॉन, रेशीम आणि लोकर यांच्या तंतूंत या आम्लरंगांना धरून ठेवणाऱ्या जागा असतात, त्या कापसात नसतात. जो रंग सुताला नुसता चाटून जातो, तो इथे खरोखर चढतो, आणि सोड्याने किंवा उन्हाने तो पूर्ण उतरत नाही. काकूंनी आता रेशमी सोवळे, लोकरी टोपी आणि नायलॉनचे मोजे निळीच्या बादलीपासून दूर ठेवायला सुरुवात केली आहे.