खिसे आणि बंद (वस्त्ररचना)

कपडा अंगावर चढवण्या-उतरवण्यासाठी त्याला उघड ठेवावी लागते आणि ती उघड मिटवण्यासाठी बटण, हूक, चेन, टॉगल किंवा नाडी लावतात. या सगळ्यांना मिळून येथे ‘बंद’ म्हटले आहे. खिसा हा त्यांच्यापेक्षा वेगळा भाग, पण कपड्याच्या रूपावर त्याचा परिणाम त्याच कारणाने होतो. दोन्हींमुळे अखंड कापडात एक ठिकाण असे तयार होते की जिथे ताण किंवा वजन येऊन थांबते. त्या ठिकाणाची निवड चुकली की महागाचे कापडही अंगावर ओढलेले, फुगलेले किंवा लोंबलेले दिसते. म्हणून बंद कोणत्या जातीचा आहे यापेक्षा तो कुठे बसवला आहे, हा प्रश्न शिवणाऱ्याने आधी विचारायचा असतो.

बटण आणि काज

बटणाचा आकार ‘लाइन’ या मापात मोजतात. ४० लाइन म्हणजे एक इंच. शर्टाच्या पुढच्या पट्टीवर साधारण १८ लाइनचे, म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटरचे बटण असते, तर कोटाच्या पुढच्या बाजूला ३२ लाइनचे, सुमारे २० मिलिमीटरचे. मोठे बटण लांबूनही नजरेत भरते, त्यामुळे ते थोडकीच लावतात. लहान बटणे जवळजवळ लावली की त्यांची मिळून एक उभी रेघ दिसते आणि अंग लांबट भासते. पुरुषांच्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येते, स्त्रियांच्या कपड्यात उजवी बाजू डावीवर. भारतातल्या तयार कपड्यांतही बहुतेक ठिकाणी हाच रिवाज पाळला जातो.

काज उभे करायचे की आडवे, हे ताणाच्या दिशेवर ठरते. आडव्या काजात ओढ बसली की बटण काजाच्या टोकाला जाऊन अडते आणि तिथेच राहते. म्हणून कोटाची काजे आडवी असतात, आणि शर्टाच्या कॉलरपट्टीचे काजही आडवेच, कारण मानेची ओढ बाजूला असते. शर्टाची पुढची पट्टी अरुंद असते आणि शर्ट सैल असल्याने तिथे ओढ कमी येते, म्हणून तिथली काजे उभी चालतात. तोच शर्ट अंगाला घट्ट झाला की उभ्या काजातून बटण सरकून निसटू लागते. काजाची लांबी बटणाचा व्यास अधिक त्याची जाडी एवढी धरतात. चपट्या बटणाला हे माप सहज जुळते. घुमटाकार किंवा कापड मढवलेल्या बटणासाठी मात्र आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर काज करून पाहणे आवश्यक असते.

स्त्रियांच्या समोरून उघडणाऱ्या शर्टात किंवा कुर्तीत सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे छातीवर दोन बटणांच्या मध्ये पडणारी फट. कपडा घट्ट आहे असे समजून लोक मोठ्या मापाचा घेतात, पण पुष्कळदा दोष बटणांच्या जागेत असतो. समजा, कॉलरपट्टीच्या शिवणीपासून छातीची सर्वांत भरीव पातळी साडेआठ इंचांवर आहे, आणि शिंप्याने वरून नेहमीप्रमाणे साडेतीन-साडेतीन इंचांवर खुणा केल्या. मग बटणे साडेतीन, सात आणि साडेदहा इंचांवर पडतील. ज्या पातळीला ओढ सर्वाधिक, ती सात आणि साडेदहाच्या जवळजवळ मध्यात येते आणि तिथेच फट उघडते. योग्य क्रम उलटा आहे. पहिली खूण छातीच्या पातळीवर, म्हणजे साडेआठ इंचांवर करायची. वरच्या अंतराचे तीन समान भाग केले की प्रत्येक भाग सुमारे २.८ इंचांचा होतो, आणि तेच अंतर खाली घेराकडे चालवत न्यायचे. यात एखादे बटण जास्त लागते, पण कपडा एका मापाने वाढवावा लागत नाही.

फट नसूनही बटणापासून दोन्ही बाजूंना आडव्या सुरकुत्या निघत असतील तर मात्र कपडा खरोखरच घट्ट असतो. अशा वेळी बटणे हलवून उपयोग नाही. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दाबलेले जादा कापड, ठेवली असेल तर ती सोडावी लागते.

ब्लाउजचे हूक

साडीचा ब्लाउज अंगाबरोबर बसतो आणि त्यावरून पदर जातो. बटण लावले तर ते वर उठून दिसते आणि पदराचे पातळ कापड त्यावर अडकते. म्हणून ब्लाउजला हूक लागतात. वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला हूक टाचतात आणि खालच्या पट्टीवर त्यांच्यासाठी धाग्याची घरे विणतात किंवा तारेची घरे लावतात. खालची पट्टी वरच्या पट्टीच्या आत काही अंतर शिरलेली राहावी लागते. ती तोकडी पडली तर हूक लागलेले असतानाही फटीतून आतले दिसते.

हूक फक्त आडव्या ओढीत धरून राहतो. ओढ सैल झाली की तो घरातून निघतो. त्यामुळे ढिला ब्लाउज वारंवार उघडत असेल तर हूक बदलण्यापेक्षा ब्लाउज बाजूने आत घेणे हाच इलाज. उलट फार घट्ट ब्लाउजमध्ये हूक निघत नाही, तो वाकतो, किंवा पट्टीचे कापड टाक्यापाशी विरते. काही शिवणाऱ्या एखादा हूक मुद्दाम उलट दिशेने, खालच्या पट्टीवर लावतात. मग खाली वाकताना पट्ट्या एकमेकींवर सरकल्या तरी सगळे हूक एकाच वेळी सुटत नाहीत. ही युक्ती साधी आहे आणि कापडाला कसलाही धक्का न लावता काम करते. बटणाचा नियम इथेही लागू पडतो: एक हूक छातीच्या पातळीवर आणि एक अगदी खालच्या काठावर हवाच, बाकीचे त्यांच्या मध्ये समान अंतरावर.

पाठीमागून उघडणाऱ्या ब्लाउजचा पुढचा भाग अखंड राहतो, त्यामुळे त्यावर नक्षी किंवा भरतकाम सलग करता येते. त्याची किंमत म्हणजे हूक लावायला दुसऱ्या माणसाची मदत लागते. बाजूच्या शिवणीत चेन लावली की पुढची आणि मागची दोन्ही बाजू मोकळ्या राहतात, पण अशा ब्लाउजमध्ये बाजूने माया सोडणे पुढे कठीण जाते.

चेन

आजच्या चेनचा आराखडा गिडियन सुंडबॅक या स्वीडिश-अमेरिकन अभियंत्याने १९१३ च्या सुमारास तयार केला आणि १९१७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. चेनचा क्रमांक म्हणजे मिटलेल्या दातांची मिलिमीटरमधली ढोबळ रुंदी. तीन क्रमांकाची चेन ड्रेस आणि स्कर्टला पुरते, पाच क्रमांकाची जाकिटाला लावतात. धातूच्या दातांची चेन समोर लावली की ती उभी चमकदार रेघ होऊन कपड्याला दणकट रूप देते. नायलॉनची चेन हलकी आणि लवचिक असते. लपती चेन शिवणीत दिसत नाही, कारण तिचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात.

चेन लावल्यावर शिवण लाटांसारखी दिसते, असा अनुभव पुष्कळांना येतो. यामागे दोन कारणे असतात. एक तर टाके घालताना कापड ताणले गेलेले असते आणि चेनची पट्टी ताणलेली नसते. दुसरे म्हणजे सुती पट्टी पहिल्या धुण्यात आकसते. कडेला आधी चिकट अस्तराची अरुंद पट्टी इस्त्रीने बसवली तर कापड ताणले जात नाही. जॉर्जेटसारख्या पातळ कापडात मात्र एवढ्यानेही पूर्ण निभावत नाही. चेनच्या वजनाने तिथे झोळ राहतो, त्यामुळे अशा कपड्यात बाजूला हलकी लपती चेन लावणे बरे.

चेनच्या वरच्या टोकाला एक हूक लावतात. चेन मिटलेली धरून ठेवण्याचे काम दात करतात, पण वर ओढ आली तर सरकी, म्हणजे चेन उघडणारी-मिटवणारी कळ, हळूहळू खाली उतरते. ती ओढ हूक स्वतःवर घेतो.

टॉगल

टॉगल म्हणजे लाकडाचा किंवा शिंगाचा आडवा तुकडा, जो दोरीच्या किंवा चामड्याच्या फाशातून ओवतात. त्याचे सर्वांत ओळखीचे ठिकाण म्हणजे डफल कोट हा जाड लोकरीचा कोट. ब्रिटिश नौदलाने तो दोन्ही महायुद्धांत वापरला. जाड लोकरीत काज नीट करता येत नाही आणि हातमोज्यांनी लहान बटण धरता येत नाही. टॉगलने हे दोन्ही प्रश्न सुटतात. फासे कोटावर आडवे पडत असल्याने कोट रुंद आणि ऐसपैस दिसतो, आणि त्याच्या खाली वरून लावलेले मोठे खिसेच शोभतात. महाराष्ट्रात टॉगलचे धाकटे भावंड भेटते ते पावसाळी जाकिटात, टोपीच्या नाडीवर सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या कळीच्या रूपात.

खिसा

वरून लावलेला खिसा दिसतो, त्यामुळे तो जिथे लावला तिथला भाग भरलेला वाटतो. शर्टाच्या डाव्या छातीवरच्या खिशाचे पट्टे किंवा चौकड्या खालच्या कापडाशी जुळल्या नाहीत तर साऱ्या शर्टाचे रूप बिघडते. कापून आत घेतलेला खिसा बाहेरून फक्त दोन ओठांएवढा दिसतो. तो कापताना मधली चीर टोकाच्या थोडी अलीकडे थांबवून तिथून दोन तिरके छेद शेवटच्या टाक्याच्या अगदी जवळ नेतात. छेद कमी पडला तर कोपऱ्यावर सुरकुती राहते, टाक्यापलीकडे गेला तर भोक पडते, आणि ते भोक पुन्हा लपवता येत नाही.

बाजूच्या शिवणीतला खिसा बंद असताना दिसत नाही, म्हणून कुर्तीला तोच सर्वांत सोयीचा. पण तिथे कुर्तीचा कट आडवा येतो. हात जायला सुमारे सहा इंच उघड लागते. कंबरेच्या दोन इंच खाली सुरू केली तर ती आठ इंचांवर संपते, म्हणून कट नऊ इंचांच्या वर सुरू होता कामा नये. कट उंच हवा असेल तर खिसा पुढच्या भागात तिरका घ्यावा, नाहीतर त्याची खालची शिवण उसवते. थैली पुढच्या बाजूला वळवून शिवायची. मागे वळली तर बसताना तिच्यातली वस्तू अंगाखाली येते.

अशा खिशात दोनशे ग्रॅमचा फोन ठेवला की बाजूची शिवण खाली ओढली जाते, आणि खांदा पातळ कापडाचा असेल तर गळाही त्या बाजूला सरकतो. थैलीच्या वरच्या काठाला सुती फीत जोडून ती बाजूच्या शिवणीत कंबरेशी पक्की केली की वजन शिवणीच्या मजबूत भागावर जाते आणि गळा जागेवर राहतो. मलमलसारख्या कापडात ही फीतही पुरत नाही. तिथे थैलीची बाह्यरेषा बाहेरून दिसते आणि शिवण तरीही झुकते, म्हणून असा खिसा रुमाल आणि थोडे सुटे पैसे एवढ्यासाठीच ठेवावा.